डीलरचे दहा टक्के, बँकेचे अकरा टक्के आणि ऊसबिलाची तारीख

प्रश्न: "कागल तालुक्यात साडेतीन एकर बागायत आहे. सव्वा एकरात आडसाली लागण उभी आहे, सव्वा एकरात खोडवा आहे आणि एक एकरात सोयाबीन. दोन म्हशी आहेत. ४५ एचपीचा ट्रॅक्टर आठ लाखांना पडतोय, माझ्याकडे दोन लाख आहेत. डीलर म्हणतो, दोन दिवसांत फायनान्स करून देतो, दहा टक्के व्याज, पाच वर्षे, सहा महिन्यांनी ९० हजारांचा हप्ता. बँक अकरा टक्के सांगते, वर जमीन गहाण आणि महिनाभर हेलपाटे. डीलरचेच घेऊ ना? आणि हप्ते कुठल्या महिन्यात ठेवू?"

उत्तर:

मी कोल्हापूर जिल्ह्यातील वेगवेगळ्या शाखांमध्ये शेती कर्ज अधिकारी म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. आपण विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी दराचा प्रश्न सोपा आहे, कारण त्याचे उत्तर कागदावर निघते. हप्त्याच्या महिन्याचा प्रश्न अवघड आहे आणि आपले कर्ज फिटणार की थकणार हे त्यावरच ठरणार आहे, म्हणून त्याला मी जास्त जागा देणार आहे. काही गोष्टी मात्र मला इथून ठरवता येणार नाहीत. आपल्या कारखान्याचे बिल किती दिवसांत जमा होते, सेवा सोसायटीची कपात किती आहे आणि सातबारा एकट्याच्या नावावर आहे की सामाईक, यांवर माझ्या सल्ल्यातील आकडे बदलतील. हिशेबाची पद्धत मात्र तीच राहील.

आधी दर पाहू. डीलरचे दहा टक्के आणि बँकेचे अकरा टक्के हे एकाच मापाने मोजलेले नाहीत. सहा लाखांवर वर्षाला दहा टक्के म्हणजे ६० हजार, पाच वर्षांचे तीन लाख, म्हणजे एकूण नऊ लाख, आणि त्याचे दहा भाग केले की ९० हजारांचा हप्ता येतो. आपल्याला सांगितलेला हप्ता नेमका हाच आहे, यावरून हा दर फ्लॅट आहे हे उघड होते. फ्लॅट दरात पाचही वर्षे व्याज पूर्ण सहा लाखांवर धरलेले असते. तुम्ही नऊ हप्ते फेडून शेवटच्या सहामाहीत येता, तेव्हा आपल्याकडे जेमतेम एका हप्त्याएवढीच रक्कम बाकी असते, पण त्या सहामाहीचे व्याजसुद्धा सहा लाखांवरच लावलेले असते. बँक मात्र दर वेळी शिल्लक राहिलेल्या मुद्दलावरच व्याज लावते.

दोन्ही दर एका मापात आणायचे तर सहा लाख कर्ज आणि ९० हजारांचे दहा सहामाही हप्ते यांतून जो घटत्या शिलकेवरचा दर निघतो, तो सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास येतो. बँकेच्या अकरा टक्क्यांनी तेच सहा लाख, तीच पाच वर्षे आणि तेच सहामाही हप्ते धरले, तर हप्ता सुमारे ७९,६०० रुपये बसतो आणि एकूण परतफेड ७ लाख ९६ हजारांच्या घरात जाते. फरक एक लाखाहून थोडा अधिक आहे. बँकेत वकिलाचा सर्च रिपोर्ट, गहाणखताचा खर्च आणि प्रक्रिया शुल्क मिळून काही हजार रुपये जातील. ते वजा केले तरी बराच मोठा फरक शिल्लक राहतो. टक्केवारीत शिरायचे नसेल तर एवढेच करावे, की हप्त्याच्या रकमेला हप्त्यांच्या संख्येने गुणावे आणि त्यातून प्रत्यक्ष हातात येणारे कर्ज वजा करावे. मुदत आणि हप्त्यांची पद्धत सारखी असली, की कोण स्वस्त हे त्या वजाबाकीतून दिसते.

"प्रत्यक्ष हातात येणारे" हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. काही ठिकाणी पहिला हप्ता ट्रॅक्टर देतानाच आगाऊ घेतात आणि त्याला ॲडव्हान्स हप्ता म्हणतात. आपल्या बाबतीत तसे झाले, तर कागदावर सहा लाखांचे कर्ज दिसेल, पण पहिल्याच दिवशी ९० हजार परत गेल्यामुळे वापरायला पाच लाख दहा हजारच मिळतील, आणि तोच सव्वासोळाचा दर एकवीस टक्क्यांच्या जवळ जाऊन बसेल. फाइल चार्ज, कर्जदाराच्या आयुर्विम्याचा हप्ता आणि वाढीव वॉरंटी कर्जाच्या रकमेतच घातलेली असेल, तर त्यांवरही पाच वर्षे व्याज चढते. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक असो वा फायनान्स कंपनी, अशा कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरण, म्हणजेच केएफएस, देणे बंधनकारक आहे आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. त्यात एपीआर नावाचा जो वार्षिक दर असतो, त्यात व्याजाबरोबर हे शुल्कही धरलेले असते. डीलरच्या टेबलावर सही करण्यापूर्वी तो कागद मराठीत मागून घ्यावा आणि बँकेच्या त्याच कागदाशेजारी ठेवून पाहावा. "तो नंतर मिळतो" असे उत्तर आले, तर त्या दिवशी सही करू नये.

डीलरच्या फायनान्सला माझा सरसकट विरोध आहे, असा अर्थ मात्र काढू नये. सातबारा चुलत्यांसह सामाईक असेल, वाटणी झालेली नसेल आणि सगळे सहहिस्सेदार सहीला तयार नसतील, तर जमीन गहाण घेणारी बँक आपल्याला सहा लाख देऊ शकणार नाही. फायनान्स कंपनी बहुधा ट्रॅक्टरवरच, म्हणजे आरसी बुकावर बोजा नोंदवून कर्ज देते आणि जमिनीला हात लावत नाही. अशा घरांसाठी तो खरा उपयोगी मार्ग आहे आणि त्यासाठी जास्त व्याज द्यावे लागते हे समजून तो घ्यावा. विनातारण शेती कर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंत वाढली आहे, पण ट्रॅक्टरच्या रकमेला ती पुरत नाही. तेव्हा बँकेचा मार्ग म्हणजे बहुतेक वेळा जमिनीवर बोजा, हे गृहीत धरूनच चालावे.

आता हप्त्याच्या महिन्याकडे येतो. ऊस उत्पादकाला वर्षातून एकदाच मोठी रक्कम मिळते. कारखाने साधारणपणे ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात सुरू होतात आणि मार्चच्या आसपास बंद होतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज देय आहे. पण हप्त्याची तारीख कायद्यावर बेतायची नसते, आपल्या पासबुकावर बेतायची असते. ऊस कधी तुटणार हे लागणीच्या नोंदीवर, तोडणीच्या टोळीवर आणि गट ऑफिसच्या कार्यक्रमावर अवलंबून असते, आणि त्यानंतर बिल जमा व्हायला किती दिवस लागतात हे प्रत्येक कारखान्यात वेगळे असते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातील एक प्रकरण मला आजही बोचते. एका शाखेत आम्ही ट्रॅक्टर कर्जाचा हप्ता छापील नमुन्याप्रमाणे ३१ डिसेंबरला ठेवत असू. एका शेतकऱ्याच्या उसाला टोळी फेब्रुवारीअखेर मिळाली आणि बिल मार्चच्या शेवटी जमा झाले. तोपर्यंत त्याचा हप्ता तीन महिने थकला होता, खात्याला दंड लागला होता आणि घरी नोटीस गेली होती. माणूस प्रामाणिक होता, पीक चांगले होते, पैसेही आले, फक्त आम्ही लिहिलेली तारीख चुकीची होती. त्यानंतर मी मंजुरीपूर्वी प्रत्येकाकडून मागच्या तीन हंगामांचे पासबुक मागू लागलो. आपणही तेच करावे. तीन वर्षांत ऊसबिल जमा झालेली सर्वांत उशिराची तारीख शोधावी आणि तिच्यापुढे एक महिना धरून हप्ता ठेवावा. समजा ती तारीख मार्चचा दुसरा आठवडा निघाली, तर १५ एप्रिल ही आपली तारीख. बिल लवकर आले तर आधी भरता येते, त्यात काही बिघडत नाही.

मग सहामाही हप्त्यातला दुसरा हप्ता ऑक्टोबरच्या मध्यावर येतो आणि तिथेच घोटाळा होतो. त्या वेळी ऊस शेतात उभा असतो, कारखाना सुरू व्हायचा असतो आणि सोयाबीन नुकते मळलेले असते. एका एकरातून नऊ-दहा क्विंटल आले, तरी बाजारभावाने चाळीस-पंचेचाळीस हजारांपलीकडे जात नाहीत, तेही ओलावा जास्त निघाला तर कमी. तेवढ्यातून ८० किंवा ९० हजारांचा हप्ता निघत नाही. म्हणून माझा आग्रह आहे, की ऊस हे मुख्य पीक असलेल्या लहान शेतकऱ्याने बँकेकडे वर्षातून एकच हप्ता मागावा. मंजुरी देणारा अधिकारी अनेकदा सवयीने सहामाही लिहितो, परंतु शेती कर्जाचा हप्ता पिकाच्या उत्पन्नाला धरून ठेवण्याची मुभा बँकेला असते, आणि अर्जातच लेखी मागितले तर ती बहुधा मिळते. सहामाहीऐवजी वार्षिक केल्याने सहा लाखांच्या कर्जावर वर्षाला तीन हजारांच्या आसपास जास्त जातील, कारण मुद्दल सहा महिने उशिरा कमी होते. सोयाबीन कवडीमोलाने विकावे लागण्यापेक्षा किंवा हातउसने शोधत फिरण्यापेक्षा हे तीन हजार देणे कितीतरी स्वस्त आहे.

याच कारणासाठी ट्रॅक्टर कोणत्या महिन्यात घेतला यालाही महत्त्व आहे. गुढीपाडव्याला सवलत असते आणि बिलाचे पैसेही हातात असतात, म्हणून बरेच जण तेव्हा घेतात. पण सहामाही कर्ज पाडव्याला घेतले, तर पहिला हप्ता नेमका सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे हात सर्वांत रिकामा असताना येतो. मासिक हप्त्याचे कर्ज तर बारापैकी दहा महिने दूधबिलावर चालवावे लागते. आपल्याला दर दहा दिवसांनी दूधबिल येते हे खरे, परंतु दोन म्हशींचे दूधबिल पेंड, भुसा आणि घरखर्च यांतच संपते. ते हप्त्याला लावले की पहिली झळ म्हशीच्या खुराकाला बसते आणि दूध घटते.

आता माझ्या मते आपल्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचे असूनही आपण न विचारलेले असे जे आहे, त्याकडे येतो. या हंगामात आपली लागण आणि खोडवा दोन्ही तुटणार आहेत. लागणीला एकरी ४५ टन आणि खोडव्याला ३२ टन धरले, तर सव्वा-सव्वा एकरातून मिळून ९६ टन होतात. भाव मी सावधपणे टनाला ३,२०० रुपये धरतो, म्हणजे बिल तीन लाख सात हजारांचे. ही रक्कम पाहून वर्षाला एक लाख ६० हजारांचा हप्ता झेपेल असे वाटते. पण पुढच्या हंगामात काय तुटणार आहे?

आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि पंधरा-सोळा महिन्यांनी तुटते. त्यानंतरच्या हंगामात तिचा खोडवा जातो. खोडवा मोडल्यावर पुन्हा आडसालीच करायची असेल, तर रान जुलैपर्यंत थांबते आणि ती नवी लागण त्याच वर्षीच्या हंगामात तुटण्याजोगी नसते, ती पुढच्या हंगामात जाते. म्हणजे आडसाली-खोडवा या फेऱ्यात तीन हंगामांपैकी एका हंगामात त्या तुकड्यातून ऊसबिल येतच नाही. आपल्या बाबतीत पुढच्या हंगामात पहिल्या तुकड्याचा खोडवाच जाईल, सुमारे ४० टन, आणि दुसरा तुकडा रिकामा किंवा कोवळ्या लागणीचा असेल. त्यापुढच्या हंगामात दुसऱ्या तुकड्याची लागण जाईल, सुमारे ५६ टन, आणि पहिला तुकडा थांबलेला असेल. चौथ्या हंगामात पुन्हा ९६ टन. बिलात मांडले तर या वर्षी तीन लाख सात हजार, पुढच्या वर्षी एक लाख २८ हजार आणि त्यापुढे एक लाख ७९ हजार. कर्ज या वर्षीच्या बिलाकडे पाहून ठरते आणि पहिला हप्ता पुढच्या वर्षीच्या बिलातून भरायचा असतो. नवे ट्रॅक्टर दुसऱ्याच वर्षी अडचणीत येतात, त्याचे हे एक मोठे कारण मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. जास्त जमीन असलेले शेतकरी तीन-चार तुकडे पुढेमागे लावून यातून सुटतात. अडीच एकरवाल्याला तेवढी जागा नसते.

शिवाय हे बिल पूर्ण हातात येत नाही. सेवा सोसायटीचे पीककर्ज कारखाना आधी कापून देतो. एकरी ५० हजारांच्या आसपास पीककर्ज धरले, तर पुढच्या वर्षीच्या एक लाख २८ हजारांतून साठ-पासष्ट हजार कपातीत जातील आणि साधारण तेवढेच उरतील. पीककर्ज लगेच नव्याने मिळते हे खरे, पण ते पुढच्या पिकाच्या खतासाठी आणि लागणीसाठी असते. त्यातून ट्रॅक्टरचा हप्ता भरला, की पीक उपाशी राहते आणि पुढच्या वर्षीचे टनेज घसरते. ट्रॅक्टरसाठी पीककर्ज थकवणे तर सर्वांत महाग पडते, कारण तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडल्यावर मिळणारी व्याजाची सवलत त्यामुळे हातची जाते.

तर सहा लाखांच्या कर्जाचा अकरा टक्क्यांनी वार्षिक हप्ता एक लाख ६२ हजार येतो आणि पुढच्या वर्षी कपातीनंतर उसाचे साठ-पासष्ट हजार उरतात. सोयाबीनचे चाळीस हजार मिळवले, तरीही हे जुळत नाही. बँक घ्या किंवा डीलर, या आकड्यावर दोघेही आपल्याला बुडवतील. भाड्याच्या कामातून भरून काढू असे आपल्या मनात असेल. रोटर मारून डिझेल, ऑइल, टायरची झीज आणि चालक वजा केल्यावर तासाला तीनशे रुपये सुटले असे धरू. ६० हजार मिळवायला वर्षात दोनशे तास काम हवे. आपल्या गावात किती ट्रॅक्टर आहेत आणि उधारी किती दिवसांनी वसूल होते, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला प्रत्यक्षात किती तास काम मिळाले, हे विचारून मगच तो आकडा धरावा. मी स्वतः अर्ज तपासताना शेतकऱ्याने सांगितलेल्या तासांच्या निम्मेच धरत असे.

या परिस्थितीत मी आपल्याला असे सुचवेन. ४५ एचपी ऐवजी २५ ते ३० एचपीचा लहान ट्रॅक्टर पाहावा. किंमत साडेपाच लाखांच्या आसपास धरली आणि आपले दोन लाख घातले, तर कर्ज साडेतीन लाखांचे राहते. तेच अकरा टक्क्यांनी सात वर्षांसाठी वार्षिक हप्त्याने घेतले, तर हप्ता सुमारे ७४ हजार येतो. सरी रुंद असेल तर उसातली भरणी आणि आंतरमशागत लहान ट्रॅक्टरने चांगली होते, सोयाबीनच्या रानाचे रोटर होते. त्याने उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढता येणार नाहीत आणि खोडवा मोडून खोल नांगरट करायला जड पडेल. पण खोल नांगरट आपल्याला एका तुकड्यात तीन वर्षांतून एकदा लागते, ती भाड्याने करून घेणे परवडते. अवजारे विसरू नयेत. रोटाव्हेटर, नांगर आणि भरणीचे अवजार यांची किंमत वेगळी असते आणि ती कोटेशनमध्येच घातली नाही, तर नंतर खासगी उसनवारीने घ्यावी लागतात. ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो कोटेशनमध्ये नीट धरला आहे ना हे तपासावे. किंमत विचारताना फायनान्सचा विषय काढू नये. आधी रोखीची किंमत लिहून घ्यावी, कारण कर्ज लावून देण्याबद्दल डीलरला मोबदला मिळत असतो आणि तो किमतीच्या बोलण्यात मिसळला, की सवलत कुठे आहे आणि बोजा कुठे आहे हे कळत नाही.

खरेदी आता घाईने न करता या हंगामाचे बिल जमा झाल्यावर एप्रिलमध्ये करावी आणि पहिला हप्ता पुढील वर्षीच्या एप्रिलला ठेवावा. या हंगामाच्या तीन लाख सात हजारांतून कपात वजा जाता पावणेदोन-एक लाख ऐंशी हजार उरतील. त्यातील ७५ हजारांची त्याच बँकेत वर्षभराची ठेव करावी. पुढच्या वर्षीच्या अशक्त बिलातून जो हप्ता निघणार नाही, तो या ठेवीतून निघेल. त्यापुढच्या हंगामात लागणीचे ५६ टन जातील आणि कपातीनंतर हप्ता त्या बिलातून निघेल, त्यानंतर पुन्हा भरलेले वर्ष येईल आणि पुन्हा ठेव करता येईल. दुसरा उपाय रानात आहे. खोडवा जानेवारीत लवकर गेला आणि पाणी पुरत असेल, तर त्या तुकड्यात फेब्रुवारीपूर्वी सुरू हंगामाची लागण करावी. ती पुढच्याच हंगामात तुटते आणि रिकामे वर्ष टळते. तिचे टनेज आडसालीपेक्षा कमी असते हे मान्य, पण हप्त्याच्या वर्षांत दर वर्षी येणारे मध्यम बिल हे दोन वर्षांआड येणाऱ्या मोठ्या बिलापेक्षा जास्त कामाचे ठरते. खोडवा सशक्त असेल तर निडवा ठेवूनही एक वर्ष काढता येते.

महिनाभराच्या हेलपाट्यांबद्दल सांगायचे तर, एप्रिलची खरेदी ठरवली की तो महिना फेब्रुवारी-मार्चमध्ये आपोआप मिळतो. सातबारा, आठ-अ, सोसायटीचा बेबाकी दाखला किंवा कर्जबाकीचा दाखला, तीन वर्षांची ऊसबिले आणि कोटेशन एवढे घेऊन पहिल्याच भेटीत गेले, तर निम्मे हेलपाटे वाचतात. उशीर बहुधा सर्च रिपोर्टमध्ये होतो आणि त्याचे कारण जुना न उतरवलेला बोजा किंवा वारसनोंद राहून गेलेली असणे हे असते, म्हणून ते आधी तलाठ्याकडे पाहून घ्यावे. याच काळात महाडीबीटीवर यांत्रिकीकरणाचा अर्जही करावा. अल्पभूधारकाला ट्रॅक्टरसाठी किमतीच्या निम्म्यापर्यंत, पण जास्तीत जास्त सव्वा लाखाचे अनुदान त्या योजनेत आहे, मात्र पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर ते मिळत नाही. दोन दिवसांच्या फायनान्सने नेमके हेच नुकसान होते. अनुदान नंतर खात्यावर येते, त्यामुळे ते स्वतःच्या रकमेत धरू नये. आले की थेट कर्जात भरावे आणि अशी जादा रक्कम भरण्यास शुल्क आहे का हे मंजुरीपूर्वीच विचारून ठेवावे.

सामाईक सातबाऱ्यामुळे शेवटी डीलरकडेच जावे लागले, तरी हप्त्याची तारीख तिथेही बदलून मिळते. कंपन्यांकडे तिमाही, सहामाही आणि काही ठिकाणी वार्षिक हप्त्याचेही पर्याय असतात, विक्रेता फक्त ज्याची सवय आहे तो पुढे करतो. सहामाहीच मिळाली तर एप्रिलचा हप्ता मोठा आणि ऑक्टोबरचा सोयाबीनला झेपेल एवढा लहान, असे असमान हप्ते मागावेत. ई-नॅचच्या कागदावर खात्यातून रक्कम वळती होण्याची तारीख लिहिलेली असते, ती हप्त्याच्या तक्त्याशी जुळते ना ते स्वतः वाचावे. खात्यात पैसे नसताना ती वळती परत गेली, तर कंपनीचे आणि आपल्या बँकेचे असे दोन्हीकडचे शुल्क लागते. थकबाकीच्या बाबतीतही फरक आहे. कंपनी दिवस मोजते. बँकेच्या शेती कर्जात हप्ता पिकाशी बांधलेला असेल, तर खाते अनुत्पादक ठरवताना पिकाचा हंगाम मोजतात, कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम आणि वर्षाहून लांब पिकाला एक. एखाद्या वर्षी महापुरात ऊस बुडाला, तर ही सवड फार मोलाची ठरते, मात्र त्यासाठी मंजुरीपत्रात हप्त्यासमोर "ऊस, वार्षिक, १५ एप्रिल" असे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. नुसते "वार्षिक" लिहिले, तर संगणक कर्जवाटपाच्या तारखेपासून बारा महिने मोजतो आणि वाटप फेब्रुवारीत झाले असेल, तर तारीख पुन्हा बिलाच्या आधी जाऊन बसते. मंजुरीपत्र हातात पडले, की सही करण्यापूर्वी हीच एक ओळ आधी शोधावी आणि नसेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून मागावी.